दुसऱ्या झटक्याची भीती आणि फ्रिजवरची चिठ्ठी

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकला आमच्या हृदयरुग्ण मदतगटाची महिन्याला एक बैठक असते. या वेळी एका हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंना बोलावलं होतं. पथ्य, व्यायाम, कोलेस्टेरॉल हे सगळं त्यांनी बाजूला ठेवलं आणि दीड तास एकाच गोष्टीवर बोलल्या: पुन्हा येईल ही भीती. टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. गटात नसलेल्यांनाही उपयोग होईल म्हणून इथे उतरवतोय.

पहिलाच प्रश्न आला, शंभरातल्या किती जणांना परत येतो? त्यांनी आकडा दिला नाही. म्हणाल्या, तुमचा आकडा तुमच्या फाइलमध्ये आहे. बाकीच्या नसांत किती अडथळा आहे, हृदयाचं पंपिंग किती उरलंय, साखर कशी आहे, तंबाखू सुटली का आणि गोळ्या नियमित आहेत का, यावर तो ठरतो. सरासरी ऐकून घाबरणारा आणखी घाबरतो आणि बेफिकीर माणूस आणखी बेफिकीर होतो. एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं की सगळ्यात नाजूक काळ पहिला महिना, त्यानंतर पहिलं वर्ष. म्हणजे भीती उगाच नसते. तिच्यापायी माणूस चुकीच्या गोष्टी करायला लागतो, खरी अडचण ती आहे.

मग त्यांनी एक उदाहरण फळ्यावर तासाप्रमाणे मांडलं. वय ५२, सहा आठवड्यांपूर्वी झटका, डाव्या बाजूच्या मुख्य नसेत एक स्टेंट. रात्री पावणेतीनला जाग आली. डाव्या स्तनाग्राखाली टोचतंय, बोट ठेवून दाखवता येईल इतकं नेमक्या जागी. त्याने दिवा लावला, मशीन काढलं आणि बीपी बघितलं: १५८/९६. दोन मिनिटांनी परत, १६४/९८. तिसऱ्यांदा १७२. आता छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर वाटायला लागले. त्याने छातीत दुखल्यावर घ्यायची, नसा सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली आणि लगेच उठून बाथरूमला गेला. तिथे डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंतीला धरून खाली बसला. घरच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजीमध्ये छातीच्या पट्ट्यांत टी लहरी उलट्या दिसल्या. जुना ईसीजी कुणीच बरोबर घेतला नव्हता, त्यामुळे ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी भरती करून घेतलं. हृदयाला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा नॉर्मल. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी.

डॉक्टर बाई म्हणाल्या, या रात्रीत हृदयाने काहीच चुकीचं केलं नाही. टोचणं बहुधा बरगडीच्या स्नायूचं होतं. बीपी वाढलं ते भीतीने, आणि दर मोजणीला भीती वाढत गेली. मुंग्या आल्या त्या भराभर श्वास घेतल्याने. चक्कर आली ती गोळीने बीपी उतरलेलं असताना उभं राहिल्याने. टी लहरी उलट्या होत्या त्या पहिल्या झटक्याच्या खुणा, काही जणांच्या ईसीजीत त्या महिनोन्महिने राहतात. प्रत्येक पायरीला वेगळं, साधं कारण होतं, पण त्या माणसाला ते सलग एकच संकट वाटलं.

पुढचं ऐका, हे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगितलं. घरी आल्यावर त्याने चालणं बंद केलं. तीन आठवड्यांनी एक मजला चढला तर धाप लागली. स्नायू तीन आठवडे वापरले नाहीत तर धाप लागणारच, पण त्याने अर्थ काढला की हृदय खचत चाललंय. म्हणून जिनाही बंद. त्यांच्या भाषेत सांगायचं तर भीतीचे दोन हात असतात, एक सतत छातीवर पहारा देतो आणि दुसरा एकेक काम काढून घेत जातो.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे एक चिठ्ठी. पावणेतीन वाजता घाबरलेल्या माणसाने निर्णय घ्यायचाच नाही, तो आधीच दिवसाढवळ्या, आपल्या डॉक्टरांसमोर बसून घेतलेला असायचा. फ्रिजवर लावायची, एक प्रत पाकिटात. नमुना असा:

जे करत असाल ते थांबवा. बसा. घड्याळ बघा, वेळ मोठ्याने सांगा.

पहिल्या झटक्यासारखंच वाटतंय, किंवा दाब-जडपणासोबत घाम, श्वास अडकणं, भोवळ यातलं काही आहे: वाट बघू नका, १०८ लावा.

दाब किंवा जडपणा आहे, बाकी काही नाही: एक सॉर्बिट्रेट ५ मि.ग्रॅ. जिभेखाली, बसूनच. पाच मिनिटं. गेलं नाही किंवा वाढलं तर १०८. गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

बोटाने दाखवता येतं, दाबलं की किंवा कूस बदलली की बदलतं, सुईसारखं येतं आणि काही सेकंदांत जातं: गोळी नको, मशीन नको. वहीत वेळ लिहा. पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर वरच्या ओळीवर जा.

१०८ लावल्यावर: ॲस्पिरिन ३०० मि.ग्रॅ. चावून (आपल्या डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तरच). दाराची कडी काढा. फाइल आणि जुना ईसीजी हातात.

प्रश्न असतील तर विचारा. मला माहीत असेल ते सांगेन, बाकीचं पुढच्या बैठकीत डॉक्टरांपुढे ठेवेन.

---

अनिकेत_ठाणे

फारच उपयोगी. फक्त एक भर. खरं-खोटं ओळखायची सोपी खूण म्हणजे सॉर्बिट्रेटच. गोळीने दुखणं गेलं तर ते हृदयाचं, नाही गेलं तर गॅस. बऱ्याच ठिकाणी वाचलंय. मग एवढी मोठी चिठ्ठी कशाला?

---

रात्रपाळी (अपघात विभागात काम करतो)

अनिकेत, हे अर्धंच बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं जीवावर बेतू शकतं.

अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारा त्रास, सॉर्बिट्रेटने उतरतो हे खरं. पण अन्ननलिकेचा स्नायू आवळला तर तो त्रासही याच गोळीने सैल होतो, कारण ती सगळेच मऊ स्नायू सैल करते. म्हणजे बरं वाटलं याचा अर्थ हृदयच असा होत नाही. उलट बाजू जास्त वाईट आहे. नस पूर्ण बंद पडली असेल तर गोळीने दुखणं जात नाही, आणि तुमच्या नियमाने तो माणूस 'गॅस आहे' म्हणून सोडा पिऊन झोपेल. चिठ्ठीत 'पाच मिनिटांत गेलं नाही तर १०८' लिहिलंय ते यासाठीच. गोळी ही परीक्षा नाही, औषध आहे.

दुसरं, सॉर्बिट्रेट प्रत्येकाला चालत नाही. ज्यांचा पहिला झटका हृदयाच्या खालच्या भागाचा होता आणि त्यात उजव्या कप्प्यालाही इजा झाली होती, त्यांचं बीपी या गोळीने धाडकन पडू शकतं. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर देऊच नये. आपला झटका कुठल्या भागाचा होता हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते डॉक्टरांना दाखवून चिठ्ठीतली ती ओळ ठेवायची की खोडायची हे आधीच ठरवा.

जुन्या ईसीजीबद्दल धागाकर्त्याने लिहिलं ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं. रात्री आमच्यासमोर येणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत असतो. झटका येऊन गेलेल्याचा ईसीजी बऱ्याचदा 'नॉर्मल' नसतो. क्यू लहरी, उलट्या टी लहरी, क्वचित एसटीचा उंचवटासुद्धा तसाच राहू शकतो. शेजारी डिस्चार्जच्या दिवशीचा ईसीजी ठेवला तर 'हे जुनंच आहे' किंवा 'हे नवीन आहे' हे एका मिनिटात कळतं. तो नसला की दोन्ही बाजूंनी चूक होते, उगाच भरती तरी होते नाहीतर उगाच धीर तरी दिला जातो. हा कागद उष्णतेने उमटतो, वर्षभरात फिका पडतो. म्हणून सपाट ठेवून, उजेडात, बाराही पट्ट्या दिसतील असा फोटो काढा. घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण पेशंटचा मोबाइल लॉक असतो.

---

केमिस्ट_काका

औषधांबद्दल दोन गोष्टी, दुकानात रोज दिसतात म्हणून.

सॉर्बिट्रेट गिळू नका, जिभेखाली विरघळू द्या. तोंड कोरडं असेल (घाबरल्यावर असतंच) तर आधी घोटभर पाण्याने ओलं करा, नाहीतर गोळी तशीच पडून राहते. सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. पुरुष मंडळी हे बायकोसमोर सांगत नाहीत, दवाखान्यातही सांगत नाहीत. निदान डॉक्टरांच्या कानावर घाला.

ॲस्पिरिन. रोजची ७५ किंवा १५० ची गोळी पोटात उशिरा विरघळावी म्हणून आवरणाची असते. झटक्याच्या वेळी तीच असेल तर ७५ च्या चार किंवा १५० च्या दोन, पण दाताने बारीक चावून. आवरण फुटलं पाहिजे, नुसती पाण्याबरोबर गिळली तर तिचं काम सुरू व्हायला वेळ जातो. ॲलर्जी, अल्सरमधून रक्तस्राव असं काही असेल तर नाही.

आणि भीतीपोटी रोज सकाळी 'एक जास्तीची' रक्त पातळ करणारी गोळी घेणारे मला माहीत आहेत. त्याने दुसरा झटका टळत नाही, पोटातून रक्त जातं.

---

शुभदा_सांगली

इथे विचारावं की नाही कळत नाही, पण विचारते. यांना झटका येऊन चार आठवडे झाले, एक स्टेंट आहे. गेले दहा-बारा दिवस बसल्या बसल्या मध्येच दम लागतो, मोठा श्वास घ्यावासा वाटतो. चालताना उलट बरं असतं. हे म्हणतात हृदय परत जाम होतंय. परवा यांनी कुठेतरी वाचलं की दिवसातून दोनदा घ्यायची जी गोळी आहे तिच्यामुळे असं होतं, आणि काल रात्रीपासून ती बंद केलीय. मला सांगितलंही नव्हतं. आज सकाळचीही घेतलेली नाही. चिठ्ठीत हे कुठे बसतं?

---

रात्रपाळी

शुभदाताई, हे चिठ्ठीत बसत नाही, त्याच्याही आधी येतं. बाकीचं नंतर वाचा, आधी ज्यांनी स्टेंट घातला त्यांच्या दवाखान्यात फोन लावा आणि 'चौथा आठवडा, गोळीचे दोन डोस चुकलेत' हे शब्द सांगा. पुढचा डोस आत्ता घ्यायचा का, किती, हे तेच सांगतील. फोन लागला नाही तर थेट जा. छातीत दाब आला तर १०८.

आता कारण. दोनदा घ्यायची म्हणजे बहुधा ९० मि.ग्रॅ. ची टिकाग्रेलॉर. तुमच्या यजमानांनी वाचलं ते खोटं नाही. या गोळीने दम लागल्यासारखं होतं, २००९ च्या मोठ्या अभ्यासात साधारण सातातल्या एकाला असं झालं होतं. बहुतेकदा सुरुवातीच्या दिवसांत होतं, बसलेलं असतानाही होतं, सौम्य असतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप जातं. चालताना वाढत नाही हे तुम्ही लिहिलंत, ते याच्याशी जुळतं. पण फोरमवर बसून ते ठरवता येणार नाही. छाती, फुप्फुसं, इको बघून ठरवतील.

फारच त्रास होत असेल तर डॉक्टर दुसऱ्या गोळीवर नेतात, पण ते बदलणं असतं, बंद करणं नसतं. नवी गोळी कधी सुरू करायची, पहिला डोस किती मोठा, याचा हिशोब असतो. स्टेंटच्या जाळीवर आतून अस्तर यायला वेळ लागतो. तोवर उघड्या धातूवर गुठळी होऊ न देणं हेच टिकाग्रेलॉर आणि ॲस्पिरिन या दोन गोळ्यांचं काम. स्टेंटमध्ये गुठळी व्हायचा धोका पहिल्या ३० दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि तिच्या कारणांत वेळेआधी गोळी सोडणं फार वर येतं.

---

गोदाकाठ

डॉक्टर बाईंनी नेमकं हेच म्हटलं होतं, लिहायचं राहून गेलं. दात काढायचा आहे, मूळव्याधीचं ऑपरेशन आहे, दम लागतो, नाकातून रक्त आलं: या चार निमित्तांनी लोक दुसऱ्याच कुणाच्या सल्ल्याने गोळी सोडतात. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला सांगितलं होतं, 'या दोन गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांशिवाय कुणीही बंद करायच्या नाहीत', खाली स्टेंटची तारीख. दंतवैद्याला ती बाजू दाखवायची.

शुभदाताई, फोन झाला की कळवा.

---

विलास७१

सगळे एवढे घाबरता कशाला? एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहायचं, दर दोन सेकंदांनी. खोकल्याने हृदय दाबलं जातं आणि रक्त फिरत राहतं. हे डॉक्टर लोकच वापरतात. चिठ्ठीत पहिली ओळ हीच हवी.

---

रात्रपाळी

विलासराव, हा संदेश इतक्या वर्षांपासून फिरतोय की त्याचं मूळ सांगतो, म्हणजे पटेल. अँजिओग्राफीच्या टेबलावर, मॉनिटर लावलेला असताना एखाद्याची हृदयाची लय अचानक बिघडते. त्या क्षणी तो शुद्धीवर असतो, डॉक्टर म्हणतात 'खोका, खोका', आणि शॉक द्यायची तयारी होईपर्यंत काही सेकंद मेंदूला रक्त मिळत राहतं. तेवढ्यापुरतं खरं आहे. पण झटका म्हणजे नस बंद होणं. खोकल्याने बंद नस उघडत नाही, आणि दुखत असताना हृदय चालूच असतं, त्याला दाबायची गरज नसते. जोराने खोकत बसलात तर दम लागेल आणि फोन करायची पाच मिनिटं जातील. एकट्याने करायची गोष्ट म्हणजे फोन, आणि दार उघडं ठेवून दारापाशी बसणं.

---

पाऊलवाट (हृदयरुग्णांच्या व्यायामाचं काम करते)

मला गोदाकाठ यांच्या उदाहरणातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो, जिना बंद झाला तो. चिठ्ठीने रात्र सुटते, दिवस सुटत नाही.

आधी धाप. नुसत्या बसून राहण्याने आलेली धाप आणि हृदयाची धाप यांत फरक करता येतो. बसून राहिल्याची धाप थांबलं की दोन-तीन मिनिटांत ओसरते, आणि रोज तोच जिना केला तर दोन-तीन आठवड्यांत कमी झालेली जाणवते. हृदयाची धाप आडवं झाल्यावर वाढते, उशी एकाच्या दोन कराव्या लागतात, घोट्याला बोट दाबलं की खड्डा राहतो, तीन दिवसांत वजन दोन किलोने चढतं. यातलं काही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टर.

तसं नसेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर जिन्यावर परत जायचं कसं? मी वीस पायऱ्यांचा एक मजला धरते. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या, मध्ये एकदा थांबून. वर पोचल्यावर खुर्ची ठेवलेली. बसायचं, श्वास आपोआप खाली येताना नुसता बघायचा, मुद्दाम खोल घ्यायचा नाही. घड्याळात किती वेळ लागला ते लिहायचं. दुसऱ्या दिवशीही सहाच. आकडा घटला की आठ. शेवटी पूर्ण मजला. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत जोर असावा. नाडीच्या आकड्यावर अवलंबून राहू नका, मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने नाडी फारशी चढत नाही, त्यामुळे '२२० वजा वय' हे गणित तुम्हाला लागू नाही.

यात बहुतेक जण एका जागी चुकतात. एका हातात ऑक्सिमीटर, जिभेखाली आधीच ठेवलेली सॉर्बिट्रेट, मागे मुलगा पाणी घेऊन. वर पोचतात सुखरूप, पण मन त्याचं श्रेय गोळीला आणि मुलाला देतं. जिना निरुपद्रवी आहे हे ते शिकतच नाही. गोळी खिशात असू द्या, तोंडात नको. (ज्यांना चढताना खरोखर अंजायना होतो त्यांना डॉक्टरच आधी घ्यायला सांगतात, ते वेगळे.) मुलाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाली थांबायला सांगा, मग घरात.

---

अनिकेत_ठाणे

गोळीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, आभार रात्रपाळी. पण पाऊलवाट, ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन घरातून काढूनच टाकायचं का? वडील दिवसातून दहादा मोजतात. शिवाय घड्याळ आहे ईसीजी काढणारं, दुखलं की ते बोट ठेवून बसतात आणि 'नॉर्मल' आलं की शांत होतात.

---

पाऊलवाट

मशीन काढू नका, वेळ ठरवा. डॉक्टरांना बीपीचे आकडे हवे असतात, पण पाच मिनिटं शांत बसून, सकाळी आणि संध्याकाळी. दुखतंय म्हणून मोजायचं नाही, कारण झटका असताना बीपी वर, खाली, ठीक, काहीही असू शकतं. ऑक्सिमीटरही झटका ओळखत नाही, तो ९८ दाखवत असताना नस बंद असू शकते.

घड्याळाची मला जास्त काळजी वाटते. ते एकाच पट्टीचा ईसीजी काढतं, लय बिघडली आहे का एवढंच त्याला कळतं. हार्ट अटॅक ओळखता येत नाही हे त्यातलं ॲपच सांगतं. 'नॉर्मल' बघून शांत होणं हा वडिलांचा सगळ्यात धोक्याचा क्षण आहे, कारण एखाद्या दिवशी खरा दाब आल्यावरही ते तेच करतील.

---

रात्रपाळी

सहमत. एकाच गोष्टीवर माझं थोडं वेगळं मत आहे, चिठ्ठीतल्या चौथ्या ओळीवर. 'बोटाने दाखवता येतं' ही खूण चांगली आहे, पक्की नाही. मधुमेही, वयस्कर आणि बायकांमध्ये झटका कधी नुसत्या घामाने, कधी मळमळीने, कधी जबड्यात दुखून येतो. त्यांच्या चिठ्ठीत ती ओळ आणखी आखूड हवी, पंधरा मिनिटांची सूट मी त्यांना देणार नाही.

आणि एक तिसरा प्रकार चिठ्ठीत नाहीच. झटक्यानंतरच्या आठवड्यांत हृदयाच्या आवरणाला सूज येऊ शकते. दुखणं धारदार, उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं, सोबत कधी बारीक ताप. हा दुसरा झटका नाही, पण घरी बसून सहन करायचाही नाही. यावर दुकानातून आयब्युप्रोफेन घेऊन खाऊ नका, झटक्यानंतर ती गोळी चालत नाही.

---

माळरान

आम्ही तालुक्यापासून २५ किलोमीटरवर राहतो. १०८ आमच्याकडे कधी वीस मिनिटांत येते, कधी तासाने. भावाची जीप दारात असते. पाच मिनिटं थांबा, मग १०८ लावा, मग वाट बघा, यात माणूस जाईल. आम्ही काय लिहायचं चिठ्ठीत?

---

रात्रपाळी

माळरान, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे सगळ्यांना चालेल असं एक उत्तर नाही. १०८ ची बाजू अशी की वाटेत लय बिघडली तर शॉक द्यायचं यंत्र ॲडव्हान्स गाडीत असतं, जीपमध्ये नसतं. झटक्याच्या पहिल्या तासात लय बिघडूनच माणसं जातात. जीपची बाजू अशी की ती आत्ता दारात आहे. मी असं करेन: १०८ लावायचा, गाडी कुठे आहे आणि किती वेळ लागेल हे विचारायचं, आणि किती मिनिटांच्या वर असेल तर जीप काढायची हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्यायचा. पेशंटने स्वतः चालवायची नाही, मोटारसायकलवर मागे बसायचं नाही.

त्याहून महत्त्वाचं, जायचं कुठे. अँजिओप्लास्टी करणारं हॉस्पिटल अडीच-तीन तासांवर असेल तर आधी जवळच्या अशा ठिकाणी जिथे ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळतं. मग पुढे. लहान दवाखाने एकेक करत 'इथे होत नाही, पुढे जा' ऐकण्यात तास जातो. आपल्या पट्ट्यात हे इंजेक्शन रात्री कुठे मिळतं, एका दिवशी फिरून विचारून ठेवा आणि ते नाव चिठ्ठीत लिहा.

---

माळरान

ग्रामीण रुग्णालयात विचारतो उद्या. पण जीपचा तो आकडा कोण सांगणार, आमचे डॉक्टर महिन्याला एकदा भेटतात.

---

गोदाकाठ

हा प्रश्न पुढच्या बैठकीच्या यादीत टाकतोय. गावाकडची चिठ्ठी वेगळी असायला हवी असं मलाही वाटतंय.

---

शुभदा_सांगली

फोन लागला. त्यांनी लगेच गोळी घ्यायला लावली आणि दुपारी बोलावलं. ईसीजी, इको झालं, छाती ऐकली. दम गोळीचाच वाटतो म्हणाले, आठवडाभर बघू, नाही गेला तर बदलून देऊ, तोवर एकही डोस चुकवायचा नाही. यांनी स्वतःच विचारलं, चिठ्ठी करून द्याल का. डॉक्टरांनी त्यांच्याच पॅडवर लिहून दिली. सॉर्बिट्रेटची ओळ त्यांनी खोडली, यांचा झटका खालच्या भागाचा होता म्हणून. आजच्या ईसीजीचा फोटो माझ्या आणि मुलीच्या मोबाइलमध्ये आहे. मागची बाजू मी लिहिली, स्टेंटच्या तारखेसकट.

एक विचारायचं राहिलं. हे रात्री झोपताना हात छातीवर ठेवून नाडी मोजत पडतात. ते कसं थांबवायचं?

---

पाऊलवाट

ताई, 'मोजू नका' असं सांगू नका, त्याने आणखी मोजतील. डाव्या कुशीवर झोपलं की ठोके उशीतून जास्त ऐकू येतात, म्हणून आधी उजवी कूस करून बघा. हाताला दुसरं काम द्या, उशी कवटाळायला. आणि तुम्ही रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना बघत असाल तर तेही थांबवावं लागेल, कारण ते जागे असतात आणि त्यांना कळतं. दोन-तीन आठवड्यांतही झोप लागेना, जेवण जाईना, सारखं रडू येत असेल तर त्याच डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतरचं नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावरची सर्ट्रालीनसारखी औषधं हृदयरुग्णांत वापरून बघितलेली आहेत. चिठ्ठी त्यावर चालत नाही.